‘जमेल तसं पाठवा’ ते ‘बुधवार, २ जुलै, संध्याकाळी ५’: थकलेल्या टाइमशीट आणि बिलांची आठवण कशी लिहावी

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, शेती आणि पाणलोटाचं काम करणाऱ्या लहानशा संस्थेत मी हिशेब सांभाळते. आमचे चौदा क्षेत्र कार्यकर्ते चाळीसेक गावांत फिरतात. महिना संपला की प्रत्येकाकडून दोन गोष्टी हव्या असतात. एक टाइमशीट, म्हणजे कोणत्या दिवशी कोणत्या प्रकल्पाचं काम केलं त्याचा तक्ता. दुसरी, झालेल्या खर्चाची बिलं. काम करायला कुणी मागे हटत नाही, कागद द्यायला मात्र सगळ्यांचे पाय जड होतात.

२०२५ च्या जूनमध्ये एका कार्यकर्त्याला मी व्हॉट्सॲपवर पाठवलेले चार निरोप आजही माझ्या फोनात आहेत.

> १६ जून: भाऊ, शेतीशाळेची बिलं राहिली न 🙏
> १९ जून: बिलांचं पाहा जरा.
> २३ जून: जमेल तसं पाठवा. टाइमशीटही राहिली.
> २७ जून: भाऊ???

पहिल्यावर उत्तर आलं, ‘हो ताई’. दुसऱ्यावर, ‘पाठवतो न ताई’. तिसऱ्यावर अंगठा आणि चौथ्यावर काहीच नाही. मला राग आला होता. पण शनिवारी २८ तारखेला बसून हे निरोप मीच पुन्हा वाचले, तेव्हा त्यात भाऊंची फारशी चूक दिसेना. कोणती बिलं हे मी कुठंच लिहिलं नव्हतं. कधीपर्यंत हवीत तेही नाही, आणि नाही आली तर काय होईल तेही नाही. ‘जमेल तसं’ असं मीच म्हटलं होतं आणि त्यांना जमलं नव्हतं. पेरणीच्या दिवसांत कुणाला जमतं?

त्या शनिवारपासून मी पद्धत बदलली. ती कशी, ते त्याच जून महिन्याच्या उदाहरणावरून सांगते.

निरोपाच्या आधी वही

निरोप मोघम होतो, कारण आपल्यालाच नक्की ठाऊक नसतं. ‘बिलं राहिली’ हे वाक्य सुचतं ते रजिस्टर न उघडता फोन हातात घेतला म्हणून. म्हणून आधी यादी करा. दोनशे पानी वहीही चालते. माणसाचं नाव, नेमकं काय राहिलं, कोणत्या तारखेचं, किती रुपयांचं, आठवण कधी दिली, उत्तर काय आलं. एवढे सहा रकाने पुरतात.

भाऊंच्या बाबतीत वही अशी निघाली. १० जूनला त्यांनी शेतीशाळेसाठी ५,००० रुपये ॲडव्हान्स घेतला. शेतीशाळा १२ तारखेला झाली. खर्च ४,२६० रुपये झाल्याचं त्यांनी तोंडी सांगितलं होतं. त्यातल्या २,८९० रुपयांची बिलं माझ्याकडे होती. उरली तीन: चहा-नाश्ता ६५०, बॅनर ४२० आणि पेट्रोल ३००, म्हणजे एकूण १,३७०. शिवाय ७४० रुपये रोख परत यायचे होते. टाइमशीट पाहिली तर ती सगळी राहिलेली नव्हतीच. १६ तारखेपर्यंत भरलेली होती आणि १७ जूनपासूनचे रकाने कोरे होते.

हे लिहायला मला दहा मिनिटं लागली. त्यातून कळलं की ‘सगळं राहिलं’ असं जे मी मनात धरून बसले होते, ते खरं म्हणजे तीन कागद, ७४० रुपये आणि दोन आठवड्यांचे रकाने एवढंच होतं. समोरच्या माणसालाही ‘सगळं’ ऐकलं की धडकी भरते. तीन कागद म्हटलं तर तो शर्टाचे खिसे चाचपून पाहतो.

तारीख मनानं ठरवू नका, उलटी मोजत या

शेवटची तारीख ही हिशेबनीसाच्या मर्जीवर ठरली तर लोक ती मर्जीच समजतात. ती खऱ्या कामातून निघाली पाहिजे आणि शेवटाकडून मागे मोजली पाहिजे.

जूनचा पगार ७ जुलैच्या आत जायला हवा. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सातव्या दिवसापर्यंत द्यावा, ही कायद्यातली अपेक्षा आहे आणि आमच्या नियमावलीतही तेच आहे. ७ जुलैला सोमवार होता. ६ तारखेला रविवार आणि आषाढी एकादशी. ५ तारखेच्या शनिवारी बँक चालू होती, पण आमच्याकडे बँकेच्या पत्रावर दोन सह्या लागतात आणि सचिव कार्यालयात येतात ते शुक्रवारी. म्हणजे पगारपत्रक शुक्रवारी ४ तारखेला सहीसाठी तयार हवं. चौदा टाइमशीट तपासून कोणाचा पगार कोणत्या प्रकल्पावर टाकायचा हे ठरवायला मला गुरुवारचा पूर्ण दिवस लागतो. म्हणून टाइमशीटची शेवटची वेळ निघाली बुधवार, २ जुलै, संध्याकाळी ५.

बुधवारला आणखी एक कारण आहे, आणि ते बँकेहून मोठं आहे. आमच्या तालुक्याचा आठवडी बाजार बुधवारी भरतो. त्या दिवशी कार्यकर्ते तसेही गावात येतात, भाजीपाला घेतात, गाडीचं काम करून घेतात. पूर्वी मी ३० तारीख धरायची. ती कधी सोमवारी यायची, कधी रविवारी. चाळीस किलोमीटरवरून फक्त एक कागद द्यायला कोण येणार? आता टाइमशीटची तारीख महिन्याच्या पहिल्या बाजाराला बांधली आहे. तो ३ तारखेच्या पुढे जात असेल तरच वेगळा दिवस ठरवते. तुमच्याकडे बाजार वेगळ्या वारी असेल, किंवा लोक तालुक्याला येत असतील ते मासिक बैठकीला. जिथं त्यांचे पाय आपोआप वळतात, तो दिवस धरा.

टाइमशीट आणि बिलं यांना एकच तारीख देऊ नका. टाइमशीट माणसाच्या स्वतःच्या आठवणीवर आणि डायरीवर भरली जाते, तिला दुसऱ्या कुणाची गरज नसते. बिल मात्र हॉटेलवाल्याकडून, बॅनरवाल्याकडून, पंपावरून आणावं लागतं. म्हणून बिलांना मी एक आठवडा जास्त दिला: बुधवार, ९ जुलै, संध्याकाळी ५. त्यांचे पैसे शुक्रवारी ११ तारखेला. दोन्ही एकाच निरोपात मागितलं की माणूस बिलं गोळा होईपर्यंत टाइमशीटही अडवून ठेवतो, ‘सगळं एकदमच देतो न’ म्हणून. माझ्या २३ जूनच्या निरोपानं नेमकं तेच झालं होतं.

‘पर्यंत’, ‘आत’ आणि इतर निसरडे शब्द

‘२ तारखेपर्यंत द्या’ म्हटलं तर २ तारीख धरायची की नाही? आमच्या चौदा जणांत यावर चक्क दोन पक्ष निघाले. ‘५ च्या आत’ म्हटलं तर काही जण ४ समजतात, काही जण ५ ची रात्र. म्हणून वार, तारीख आणि वाजलेली वेळ, तिन्ही लिहा. वार लिहिल्याचा एक फायदा असा की तारीख चुकली असेल तर लगेच लक्षात येतं.

‘लवकर’, ‘सवडीनं’, ‘एक-दोन दिवसांत’, ‘जरा पाहा’, ‘जमेल तसं’ हे शब्द मी निरोपातून काढूनच टाकले. बोलताना ते गोड लागतात, पण लिहिलं की काम समोरच्याच्या सवडीवर सोडून देतात. ‘राहिली का?’ असा प्रश्नही टाळते. त्याला ‘हो ताई’ एवढं उत्तर पुरतं आणि ते दिलं की माणसाला वाटतं आपलं काम झालं.

याच्या उलट टोकाला जाण्याचाही मोह होतो. चार वेळा गोडीत सांगून झालं की हात आपोआप ‘आपणांस सूचित करण्यात येते की, विहित मुदतीत सादर न केल्यास’ असं लिहू लागतो. असलं पत्र मी एकदा पाठवलं होतं. एका ताईंचा फोन आला, ‘काहून एवढी नोटीस काढली जी, आम्ही का पयून चाललो?’ त्यांचं बरोबर होतं. आपल्याकडे कर्जाच्या आणि वसुलीच्या नोटिसा घराघरात आलेल्या आहेत. त्या भाषेला लोक दचकतात किंवा चिडतात, आणि दोन्हीत कागद येत नाही. ‘तुम्ही’, ‘भाऊ’, ‘ताई’ आणि साधं क्रियापद, ‘द्या’, ‘पाठवा’, ‘आणा’. ‘कृपया’ एकदाच. नम्रता शब्दांत दिसते आणि चिकाटी वेळापत्रकात, ही दोन कामं वेगळी ठेवली की आवाज चढवावा लागत नाही.

नंतर काय होईल, ते खरं तेवढंच लिहा

मुदतीनंतर काय, हे सांगितलं नाही तर ती मुदतच नाही. पण इथं फार जपून पावलं टाका. पहिली गोष्ट: टाइमशीट नाही म्हणून पगार अडवण्याची धमकी देऊ नका. माणसानं काम केलं आहे, पगार वेळेवर द्यायचाच आहे. जी गोष्ट आपण करणार नाही किंवा करू शकत नाही, ती लिहिली की पुढच्या महिन्यात आपल्या सगळ्या निरोपांची किंमत शून्य होते.

मग खरा परिणाम काय? एक हिशेब पाहा. जून २०२५ मध्ये पाच रविवार होते, म्हणजे कामाचे दिवस २५. एका कार्यकर्त्याचा पगार १५,००० रुपये आहे, म्हणजे दिवसाला ६००. त्यानं १५ दिवस पाणलोट प्रकल्पाचं काम केलं आणि १० दिवस शेतीशाळेचं, तर ९,००० एका प्रकल्पावर आणि ६,००० दुसऱ्यावर पडतात. टाइमशीट नसेल तर हे १५,००० कोणत्याच प्रकल्पावर टाकता येत नाहीत. ते संस्थेच्या स्वतःच्या निधीतून जातात. निधी देणाऱ्यांचा हिशेब-तपासनीस आला की पहिला कागद हाच मागतो, आणि नसला तर तो खर्च अमान्य होतो. हे मी एका बैठकीत फळ्यावर लिहून दाखवलं. तोवर अर्ध्या लोकांना वाटायचं की टाइमशीट म्हणजे त्यांच्यावर ठेवलेली पाळत.

म्हणून निरोपात जातं ते एवढंच: पगार जाईल, पण तो प्रकल्पावर टाकता येणार नाही आणि नाव सचिवांकडच्या यादीत जाईल. बिलांचं आणखी सरळ आहे. ९ तारखेनंतर आलेल्या बिलाचे पैसे पुढच्या महिन्याच्या फेरीत मिळतील, आणि जुना ॲडव्हान्स मिटल्याशिवाय नवा मिळणार नाही. दोन्ही नियम आमच्या नियमावलीत आधीपासून होते, फक्त कुणी पाळत नव्हतं. नवा नियम आठवणीच्या निरोपातून कधीही जाहीर करू नका. तो आधी बैठकीत सांगा, सचिवांची संमती घ्या आणि पुढच्या महिन्यापासून लावा.

चार निरोप, चार दिवस

पहिला निरोप गटावर, मुदतीच्या चार दिवस आधी. यात कुणाचंच नाव नाही.

> सर्वांना नमस्कार. जूनच्या टाइमशीट बुधवार, २ जुलै, संध्याकाळी ५ वाजेपर्यंत कार्यालयात द्याव्यात किंवा फोटो मला पाठवावा. २ तारखेला बाजार आहे, त्या दिवशी मी सकाळी ९ पासून कार्यालयात आहे. शुक्रवारी पगारपत्रकावर सह्या आहेत, म्हणून ही वेळ ठरवली आहे. बिलांची तारीख वेगळी आहे, ती गुरुवारी कळवते.

दुसरा निरोप मुदतीच्या आदल्या दिवशी सकाळी, ज्यांचं आलं नाही त्यांनाच आणि प्रत्येकाला वेगळा. इथं वही कामी येते. भाऊंना असा गेला:

> नमस्कार भाऊ. तुमची जूनची टाइमशीट १६ तारखेपर्यंत पूर्ण आहे. १७ ते ३० जून एवढेच रकाने राहिले आहेत. कृपया उद्या, बुधवार २ जुलै, संध्याकाळी ५ पर्यंत भरून द्या. त्यानंतर आली तर पगार वेळेवर जाईल, पण तो प्रकल्पावर टाकता येणार नाही आणि तुमचं नाव मला सचिवांना द्यावं लागेल. काही अडचण असेल तर आज रात्री ८ पर्यंत फोन करा.

यात आधी झालेल्या कामाची दखल आहे आणि मग उरलेल्याची मागणी. शेवटच्या वाक्यात दारही उघडं आहे, पण त्या दारालाही वेळ आहे.

तिसरी आठवण मुदतीच्या दिवशी दुपारी १२ ला, आणि ती फोनवर. आमच्या काही गावांत नेटवर्क टेकडीवर गेल्याशिवाय येत नाही. व्हॉट्सॲपवर एकच टिक असेल तर निरोप त्यांच्या फोनपर्यंत पोचलेलाच नाही, मग आठवण दिली असं आपण म्हणू शकत नाही. दोन टिक म्हणजे पोचला. निळ्या टिकवर मात्र भिस्त ठेवू नका, बरेच जण ती बंद ठेवतात. आदल्या रात्रीपर्यंत एकच टिक दिसली तर मी साधा एसएमएस करते. तोही नाही तर त्याच मार्गावरच्या दुसऱ्या कार्यकर्त्यासोबत निरोप धाडते. सरपंचाकडे किंवा गावातल्या कुणाकडे हा निरोप ठेवत नाही. भाऊंकडे संस्थेचे पैसे अडकले आहेत, ही चर्चा पाराखाली कशाला?

फोनवर नवीन काही बोलायचं नाही. तीच तारीख, तीच वेळ, तेच राहिलेलं काम. फोन ठेवला की वहीत लिहायचं: ‘१२.१० ला बोलणं झालं, ४ पर्यंत देतो म्हणाले.’

चौथा निरोप मुदत संपल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी. बहुतेक जण हाच गाळतात, कारण तो लिहायला अवघड वाटतं. खरं तर यात रागवायचं नसतंच, फक्त काय झालं ते कळवायचं असतं.

> नमस्कार ताई. काल ५ वाजेपर्यंत तुमची जूनची टाइमशीट मिळाली नाही. पगार उद्या निघेल. जूनचा तुमचा पगार सध्या संस्थेच्या निधीत टाकला आहे आणि तसं सचिवांना कळवलं आहे. तिमाही अहवाल १५ तारखेला जातो. शनिवार, १२ जुलै, दुपारी १ पर्यंत टाइमशीट आली तर नोंद दुरुस्त करता येईल. त्यानंतर नाही.

जूनच्या शेवटी तिमाही संपते, म्हणून इथं दुरुस्तीची एक फट होती. ती खरी होती म्हणून लिहिली. अशी फट नसेल तर उगाच तयार करू नका.

त्या वेळी चौदापैकी अकरा टाइमशीट ५ च्या आधी आल्या. भाऊंची ४ वाजून २० मिनिटांनी आली. वीस मिनिटं उशीर झाला तो त्यांनी माझ्याशी केलेल्या वायद्याला, मुदतीला नाही. मी एक शब्द बोलले नाही.

दाब वाढला की खोटं भरलं जातं

हा धोका मला उशिरा कळला. आठवण चिकाटीनं दिली की काही जण कागद देऊन मोकळं होण्यासाठी पूर्ण महिना एका बैठकीत भरतात, रोज आठ तास, एकच प्रकल्प. ते ओळखू येतं. सगळी पानं एकाच शाईत, एकाच हाताच्या ओघात लिहिलेली असतात. रविवारीही आठ तास दिसतात. प्रवासाच्या बिलावर त्या दिवशी एक गाव असतं आणि टाइमशीटवर दुसरं. म्हणून मी टाइमशीट घेतल्यावर दोन-तीन तारखा लॉगबुकशी ताडून पाहते. तफावत निघाली तर कागद परत देते, तोही नेमका प्रश्न विचारून: ‘१९ तारखेला गाडी अमक्या गावी आहे, टाइमशीटवर तमकं गाव आहे, कोणतं बरोबर?’

आणि कितीही घाई असली तरी कुणाचे रकाने स्वतः भरू नका. ‘ताई, तुम्हीच टाकून द्या न’ असं दर महिन्याला कुणीतरी म्हणतंच. सही त्यांची आणि अक्षर आपलं, हे तपासणीत सगळ्यात आधी दिसतं.

बिलांची आठवण थोडी वेगळी

बिलांसाठी हेच चार निरोप, एक आठवडा पुढे सरकवून. फरक एवढाच की पहिलाच निरोप वैयक्तिक हवा, कारण प्रत्येकाचे कागद वेगळे आणि ते आणायला वेळ लागतो. भाऊंना गुरुवारी ३ जुलैला हा गेला:

> नमस्कार भाऊ. टाइमशीट मिळाली, पूर्ण आहे. १२ जूनच्या शेतीशाळेच्या ॲडव्हान्समधली तीन बिलं बाकी आहेत: चहा-नाश्ता ६५०, बॅनर ४२०, पेट्रोल ३००. शिवाय रोख ७४० परत. बुधवार, ९ जुलै, संध्याकाळी ५ पर्यंत कृपया आणून द्या. तोवर आलं नाही तर जुलैच्या शेतीशाळेचा ॲडव्हान्स मला काढता येणार नाही. एखादं बिल हरवलं असेल तर सोमवारपर्यंत सांगा, त्यालाही मार्ग आहे.

शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं. बिलं थकण्याचं खरं कारण बहुतेक वेळा आळस नसतो, बिल हरवलेलं असतं आणि सांगायची लाज वाटते. सोमवारी भाऊंचा फोन आलाच. ‘आता का सांगू ताई, पेट्रोलचं बिल पांढरं पडलं.’ पंपावरचं बिल उष्णतेनं उमटणाऱ्या कागदावर छापतात. ऊन लागलं, घाम लागला, खिशात तीन आठवडे राहिलं की अक्षरं उडतात. आमच्याकडे २०० रुपयांपर्यंतच्या खर्चाला स्वतःच्या सहीचं व्हाउचर चालतं. हे ३०० चं होतं. पण त्यांनी पैसे यूपीआयनं दिले होते. फोनातली ती नोंद, त्यावरचं पंपाचं नाव आणि तारीख, आणि लॉगबुकातले त्या दिवशीचे किलोमीटर, हे तिन्ही जोडून सचिवांची मंजुरी घेतली. यूपीआयची नोंद पैसे दिल्याचा पुरावा आहे, काय घेतलं त्याचा नाही. म्हणून नुसती तेवढी पुरत नाही, लॉगबुक लागतंच.

बॅनरचं बिल बुधवारी आलं. नाश्त्याचंही आलं, पण त्यावर तारीखच नव्हती. हॉटेलवाल्यानं वहीतलं पान फाडून आकडा लिहून दिला होता. तारीख मी टाकली नाही. भाऊ बाजारातूनच परत गेले, हॉटेलवाल्याकडून तारीख, संस्थेचं नाव आणि सही घेऊन पावणेपाचला आले. ही फेरी वाचली असती, जर मी निरोपातच लिहिलं असतं की बिलावर तारीख, संस्थेचं नाव, काय घेतलं ते आणि देणाऱ्याची सही हवी. आता लिहिते. ५,००० रुपयांच्या वरच्या रोख पावतीवर एक रुपयाचं महसूल तिकीटही लागतं, तेही त्याच ओळीत. आमच्या महिला कार्यकर्त्यांना एसटीत अर्धं तिकीट लागतं, तेव्हा दावा तिकिटावर छापलेल्या रकमेचाच करायचा, पूर्ण भाड्याचा नाही, हेही एकदा सांगून ठेवलेलं बरं.

मुदतवाढ कुणाला, कशी

मुदतीच्या आधी मागितली, कारण सांगितलं, तर द्या. मुदत टळल्यावर मागितली तर ती मुदतवाढ नव्हे, ती उशिराची नोंद. ज्या तिघांच्या टाइमशीट आल्या नव्हत्या, त्यातल्या एका ताईंनी मंगळवारीच फोन केला होता. आई यवतमाळला दवाखान्यात भरती होती. मी गुरुवार दुपारी १२ दिलं आणि फोननंतर लगेच लिहून पाठवलं: ‘ताई, बोलल्याप्रमाणे तुमची मुदत गुरुवार, ३ जुलै, दुपारी १२.’ तोंडी दिलेली मुदत दोघांना दोन वेगळी आठवते. त्यांची टाइमशीट वेळेत आली. उरलेल्या दोघांना चौथा निरोप गेला. एकाची ११ तारखेला आली आणि नोंद दुरुस्त झाली. दुसऱ्याची आली नाही आणि त्यांचा जूनचा पगार संस्थेच्या निधीतच राहिला.

सगळ्यांसाठी तारीख पुढे ढकलणं मात्र एकदाही करू नका. ऑगस्टमध्ये पोळ्याच्या आदल्या दिवशी गटावर मागणी आली, ‘ताई, दोन दिवस वाढवा न.’ पोळा कधी आहे हे तारीख ठरवताना मला ठाऊक असायला हवं होतं, ती चूक माझी. पण तेव्हा वाढवली असती, तर बुधवारी दिलेल्या नऊ जणांनी पुढच्या वेळी काहून घाई करावी?

‘मिळालं’ म्हणायला विसरू नका

कागद आला की त्याच दिवशी उत्तर द्या: ‘मिळालं, पूर्ण आहे’ किंवा ‘मिळालं, २४ तारीख कोरी आहे.’ जुलैच्या बिलांच्या वेळी एका ताईंनी सोमवारीच बिलं शिपायाकडे ठेवली होती. वहीत नोंद झाली नाही आणि बुधवारी दुपारी मी त्यांना फोन करून तीच बिलं मागितली. त्या शांतपणे म्हणाल्या, ‘टेबलाच्या दुसऱ्या खणात पाहा जी.’ बिलं तिथंच होती. मी माफी मागितली, आणि तेव्हापासून त्या खणात एक छोटी वही ठेवली आहे. बिल ठेवणारा त्यात तारीख टाकून सही करतो, आणि आठवणीचा फोन लावण्याआधी मी आधी तो खण उघडते.